सत्यनारायणाची तयारी: आधी गुरुजी, मग बाकी सगळं

प्रश्न: पुढच्या महिन्यात घरी पहिल्यांदाच सत्यनारायण घालतोय. सगळे मिळून सत्तरेक माणसं होतील. गुरुजी, आमंत्रणं, स्वयंपाक, कशाला कधी लागायचं?

उत्तर:

आज गुरुजींना फोन करा. त्यांचा होकार आल्याशिवाय कुणालाही तारीख सांगू नका. पौर्णिमेला, श्रावणात किंवा लग्नाच्या मुहूर्तांच्या दिवशी गुरुजींना एकाच दिवशी तीन-चार ठिकाणी जायचं असतं. त्यामुळे तुमची तारीख मिळाली तरी वेळ तेच सांगतात, आणि बाकीचं सगळं त्या वेळेवर ठरतं. साधा मधला वार चालणार असेल तर वेळ तुमच्या सोयीने मिळते. सत्यनारायण कुठल्याही दिवशी घालता येतो.

फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या. पूजेला कथेसकट किती वेळ लागेल? साधारण दीड-दोन तास धरतात, पण सहस्रनामाने तुळस वाहायची असेल तर जास्त लागतो. सामानातलं काय ते आणणार आणि काय तुम्ही आणायचं? आणि नैवेद्य कथेच्या आधी दाखवतात की नंतर? हा तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि मग गुरुजी नैवेद्य मागतात तेव्हा शिरा कढईतच असतो. यादी तोंडी ऐकू नका, व्हॉट्सॲपवर मागवा. घरात सोयर-सुतक आलं तर पुढे ढकलायची तारीखही त्याच फोनवर बोलून ठेवा.

आमंत्रणं पंधरा दिवस आधी पुरतात, पण माणसांचे दोन गट करा. सत्तरातले पंचवीस घरचे आणि जवळचे जेवायला, उरलेले तीर्थप्रसादाला. पूजा सकाळी साडेनऊला असेल तर जेवणाऱ्यांना ‘अकराला आरतीला या, जेवूनच जा’ म्हणा आणि बाकीच्यांना ‘संध्याकाळी पाच ते आठ तीर्थप्रसादाला या’. नुसतं ‘पूजेला या’ म्हटलं की काही जण साडेबाराला उपाशी येतात आणि काही जण संध्याकाळी जेवायच्या अपेक्षेने. जेवणाऱ्यांना चार दिवस आधी पुन्हा फोन करून आकडा पक्का करा. पंचवीस जणांचं जेवण मी बाहेर सांगितलं असतं, फक्त कांदा-लसूण नको हे स्पष्ट बजावून. पहिल्याच वेळी यजमानीणबाई पूजेला बसलेल्या आणि ओट्यावर पोळ्या लाटायच्या राहिलेल्या, ही ओढाताण नको. नैवेद्याच्या ताटापुरता वरणभात, एक भाजी घरी होते.

प्रसाद मात्र घरचाच हवा, आणि खरा वेळ त्यालाच लागतो. माप सव्वाचं: सव्वा किलो रवा, तितकीच साखर, तितकंच तूप, सव्वा लिटर दूध, शिवाय रवा फुलेल इतकं गरम पाणी आणि पिकलेली केळी. प्रसाद म्हणून वाटीभर नव्हे, द्रोणात चमचाभर देतात, त्यामुळे एवढा शिरा सत्तर जणांना पुरून शेजारीपाजारी पाठवायलाही उरतो. रवा आदल्या रात्री मंद आचेवर कोरडा भाजून ठेवा. सकाळी तुपात तो पुन्हा परतताना केळ्याचे काप त्यातच टाका, तोच प्रसादाचा वास. रवा हलका होऊन कालथ्यावरून सुटा पडायला लागला की उकळतं दूध-पाणी घाला. थंड घातलं तर गुठळ्या होतात. झाकण ठेवून रवा पुरता फुलू द्या, साखर त्यानंतरच. साखर लवकर पडली तर रवा दाताखाली कचकचतो आणि मग कितीही वाफ काढली तरी मऊ होत नाही. एवढा रवा घरच्या कढईत नीट ढवळता येत नाही, म्हणून दोन घाणे करा. पहिल्यातला नैवेद्याला काढा आणि तोवर कुणी चव बघू नका. हे काम पूजेला न बसणाऱ्या एका माणसावर सोपवा, त्याने साडेनऊला कढई चढवायची.

कोरडं सामान, म्हणजे सुपाऱ्या, खारीक-बदाम, हळकुंडं, जानवं, अष्टगंध, आठवडाभर आधी आणून एका परातीत यादीप्रमाणे लावा. केळीचे खांब, फुलं, विड्याची पानं, आंब्याचे डहाळे आदल्या संध्याकाळी. पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. तुळशीचं मात्र आधीच फुलवाल्याला सांगावं लागतं. हजार पानं वाहायची असतील तर कुंडीतली तुळस पुरणार नाही, आणि पानं निवडायलाच दोन माणसांना तासभर लागतो. ती आदल्या रात्री निवडा. दक्षिणेची पाकिटं आणि पूजेत ठेवायची नाणीही तेव्हाच बाजूला काढा, ऐन वेळी सुटे पैसे घरात कुणाकडेच सापडत नाहीत.