ऑप्शन घ्यायच्या आधी: त्याला गिऱ्हाईक आहे का?

एका शेअरच्या कॉलवर सहा लाखांचं ओपन इंटरेस्ट दिसलं म्हणून घेतला. विकायला गेलो तर गिऱ्हाईकच नाही. असं कसं?
– एक वाचक, उद्यमनगर

आधी तो आकडा कशात मोजलाय ते बघा. एनएसईच्या ऑप्शन चेनमध्ये ओपन इंटरेस्ट लॉटमध्ये असतं, पण बऱ्याच ब्रोकरांच्या ॲपमध्ये ते शेअरच्या संख्येत दाखवतात. तुमच्या शेअरचा लॉट ५०० चा असेल, तर सहा लाख म्हणजे फक्त १,२०० लॉट.

आता ते १,२०० लॉट आले कुठून? नवा घेणारा आणि नवा विकणारा भेटला की ओपन इंटरेस्ट एकाने वाढतं. जुन्याने नव्याला आपला सौदा दिला तर ते तेवढंच राहतं, आणि दोघेही जुने सौदे मिटवत असतील तर घटतं. म्हणजे तो उभ्या असलेल्या सौद्यांचा साठा आहे. मार्केट यार्डातल्या गोदामात गुळाचे किती रवे पडून आहेत, हे कळल्याने आज सौद्याला किती व्यापारी आलेत ते कळत नाही, तसंच हे. पंधरा दिवसांपूर्वी शेअर त्या स्ट्राइकजवळ असताना हे सौदे झाले असतील आणि त्यातले बरेच जण एक्सपायरीपर्यंत हलणारही नाहीत.

म्हणून शेजारच्या रकान्यात आजचं व्हॉल्यूम बघायचं. ओपन इंटरेस्ट १,२०० लॉट आणि दुपारपर्यंत व्हॉल्यूम १५ लॉट, तर तो स्ट्राइक झोपलेला आहे. उलट ओपन इंटरेस्ट ३०० आणि व्हॉल्यूम ४,००० दिसलं, तर आज तिथे वर्दळ आहे, पण बहुतेक सौदे दिवसातच मिटतायत. उद्याही ठेवायचा असेल तर त्या वर्दळीवर मी विसंबणार नाही. शेअरच्या ऑप्शनमध्ये दोन्ही आकडे निदान काहीशे लॉट असल्याशिवाय मी पुढचं बघतच नाही. आणि व्हॉल्यूम साडेदहानंतर बघा, बाजार उघडल्या उघडल्या त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

तरी हे दोन्ही आकडे झालेल्या सौद्यांचे आहेत. या क्षणी कोण उभं आहे ते फक्त बिड आणि आस्कमधून, म्हणजे घेणारा देऊ करतोय तो भाव आणि विकणारा मागतोय तो भाव यांवरून कळतं.

बिड आणि आस्कमध्ये दोन रुपयांचा फरक म्हणजे फार का? शेअर तर हजाराचा आहे.
– एक वाचक, जयसिंगपूर

शेअरच्या भावाशी तुलना करू नका, प्रीमियमशी करा. समजा शेअर १,००० वर आहे, लॉट ५०० चा. १,००० च्या कॉलला बिड २९.६० आणि आस्क ३०.२० आहे. १,०६० च्या कॉलला बिड ८ आणि आस्क १०.

पहिल्यात फरक ६० पैशांचा, मधल्या भावाच्या म्हणजे २९.९० च्या दोन टक्के. आस्कला घेऊन लगेच बिडला विकला तर लॉटमागे ३०० रुपये जातात. दुसऱ्यात फरक दोन रुपयांचा, मधला भाव ९, म्हणजे २२ टक्के. लॉटला ५,००० रुपये घालायचे आणि त्यातले १,००० घेतल्या क्षणी गेलेले. ब्रोकरेज आणि कर वेगळे.

हे नुकसान भरून निघायला शेअर किती चढायला हवा तेही काढा. शेअर एक रुपया हलला की प्रीमियम जेवढा हलतो तो डेल्टा. १,००० च्या कॉलचा डेल्टा साधारण ०.५० असतो, म्हणजे ०.६० भागिले ०.५०, सव्वा रुपयाच्या आसपास. १,०६० च्या कॉलचा डेल्टा ०.२५ धरला, तर दोन भागिले ०.२५, म्हणजे शेअर आठ रुपये चढल्यावर तुम्ही जिथून निघालात तिथे पोचता, तेही एक दिवसाची टाइम व्हॅल्यू न जळता. ‘स्वस्त’ म्हणून लांबचा स्ट्राइक घेणारे नेमके इथे फसतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण हा हिशेब ऑर्डर टाकण्याआधी मिनिटभरात होतो.

माझी मर्यादा अशी: तीन टक्क्यांपर्यंत फरक असेल तर घ्यायला हरकत नाही. पाच टक्क्यांच्या पुढे फक्त लिमिट ऑर्डर, मधल्या भावाजवळ, आणि मिळाला नाही तर सोडून द्यायचा. दहाच्या पुढे नाहीच. मात्र प्रीमियम एक-दोन रुपयांचा असेल तर टक्केवारी आपोआप फुगते, कारण भाव पाच पैशांच्या टप्प्यानेच हलतो. तिथे लॉटमागे किती रुपये जातात तेच बघा.

१,००० चा कॉल ३० ला घेतला होता. शेअर आता १,०९० वर आहे, ॲपमध्ये कॉलचा भाव ७१ दिसतो, बिड ८४ आहे आणि आस्क ९७. एक्सपायरीला तीन दिवस आहेत. काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी

ते ७१ विसरून जा. तो शेवटच्या सौद्याचा भाव आहे, बहुधा शेअर खाली असतानाचा. तुमचा कॉल आत्ताच ९० रुपयांच्या मोलाचा आहे, १,०९० वजा १,०००. बिड त्याहून सहा रुपये खाली आहे, कारण शेअर चढल्यावर हा स्ट्राइक खोल आत गेला आणि वर्दळ नव्या भावाजवळच्या स्ट्राइककडे सरकली. घेताना जिवंत असलेला ऑप्शन असा फायद्यात आल्यावरच सुकतो.

मार्केट ऑर्डर अजिबात टाकू नका. ८९.५० ला विकायची लिमिट लावा, काही मिनिटं थांबा, मग ८९, मग ८८.५०. शेअर हलला तर ९० चा हिशेबही नव्याने करा. ८९ ला घेणारा तुमच्यावर उपकार करत नसतो. तो कॉल ८९ ला घेऊन फ्युचर १,०९० ला विकला तर त्याला रुपयाभर सुटतो, म्हणून असे भाव शोधणारे असतात.

तरी कोणी आलं नाही आणि मार्जिनची सोय असेल, तर त्याच महिन्याचा एक लॉट फ्युचर तुम्हीच विका. कॉल आणि विकलेलं फ्युचर मिळून नफा जवळजवळ बांधला जातो. दोन्ही एक्सपायरीपर्यंत ठेवले आणि शेअर १,००० च्या वर राहिला, तर शेअर घेणं आणि देणं एकमेकांत वळतं होतं. शेअर १,००० च्या खाली गेला तर कॉल शून्य होईल, पण फ्युचर त्याहून जास्त देईल.

नुसतं बसून मात्र राहू नका. ऑक्टोबर २०१९ पासून शेअरच्या सगळ्या ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. कॉल तसाच ठेवलात तर ५०० गुणिले १,००० म्हणजे पाच लाख रुपये भरून शेअर घ्यावे लागतील, आणि त्यासाठीचं मार्जिन शेवटच्या दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढत जातं.

एक लॉट घेणाऱ्याला हे ठीक. मी दहा लॉट घेतो, शिवाय निफ्टीतही करतो. तिथेही बघायला हवं का?
– एक वाचक, गडहिंग्लज

दहा लॉटला वरचा भाव पुरत नाही, त्याखालचे भावही वाचा. वरच्याच १,००० च्या कॉलला आस्क असे असतील: ३०.२० ला १,००० शेअर, ३०.४५ ला १,५००, ३०.९० ला २,५००. तुमचे ५,००० शेअर घेता घेता सरासरी ३०.६३ पडते, मधल्या भावापेक्षा ७३ पैसे जास्त. परतताना बिडच्या बाजूलाही तेवढंच गेलं तर दोन टक्क्यांचा फरक पाच टक्क्यांच्या घरात जातो. दोन-दोन लॉट लिमिटने घ्या.

निफ्टीच्या चालू आठवड्यात, भावाजवळच्या स्ट्राइकला दहा लॉटचा प्रश्न येत नाही. पण काही महिने पुढच्या एक्सपायरीचे किंवा खोल आतले स्ट्राइक निफ्टीचे असले तरी विरळच असतात. तिथे हाच हिशेब करा.