काचेच्या फ्रेममधल्या चित्राचा फोटो

आईचं जलरंगातलं चित्र फ्रेममध्ये आहे. मोबाइलने फोटो काढला की काचेत मीच दिसतो, कडाही तिरक्या येतात. काय करू?

काच काढता आली तर उत्तमच. नाहीतर काचेत दिसतं ते मोबाइलच्या मागचं, म्हणून पाठीमागे काळी चादर टांगा आणि गडद कपडे घाला. खिडकी चित्राच्या समोर नको, बाजूला हवी. फ्लॅश आणि दिवे बंदच ठेवा. ट्यूब आणि दिवसाचा उजेड मिसळला की कागद एकीकडे पिवळट, एकीकडे निळसर येतो आणि तो नंतर नीट करणं फार किचकट.

कडांसाठी मोबाइल चित्राच्या मध्याच्या उंचीवर, भिंतीला समांतर धरा. दोन पावलं मागे सरकून २x वापरा, कारण जवळून किंचित तिरपा हातही कडांवर लगेच दिसतो.