हप्त्यांबद्दल विचारलं, एवढ्यानं प्रस्ताव मोडतो का?

प्रश्न: एका ओळखीच्या गृहस्थांनी सोमवारी मेसेज केला, ‘माझा जुना कॅमेरा अमुक किमतीला देतो. शुक्रवारपर्यंत तुमच्यासाठी ठेवतो.’ मंगळवारी मी विचारलं, ‘पैसे दोन हप्त्यांत दिले तर चालतील का?’ उत्तर आलं नाही. गुरुवारी सकाळी एका मित्राकडून कळलं, की कॅमेरा दुसऱ्याला विकला गेलाय. मी तरीही लगेच कळवलं, ‘तुमच्याच किमतीला घेतो, सगळे पैसे आज देतो.’ आता ते म्हणतात, हप्ते मागून तुम्हीच प्रस्ताव मोडलात, कॅमेरा आधीच विकला होता आणि तुम्ही एक पैसाही दिलेला नव्हता, म्हणून करार झालाच नाही. खरं आहे का?

उत्तर: तिन्हींपैकी पैशांचा मुद्दा सगळ्यात कच्चा. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 2 मध्ये प्रतिफलाची, म्हणजे वचनाच्या बदल्यात जे द्यायचं त्याची, जी व्याख्या आहे, तिच्यात पुढे काही करण्याचं वचनही बसतं. त्यांनी कॅमेरा देण्याचं आणि तुम्ही पैसे देण्याचं वचन दिलंत, की ही दोन वचनंच एकमेकांचं प्रतिफल होतात. विसार दिला नाही म्हणून करार होत नाही, ही समजूत फार पसरलेली आहे, पण चुकीची आहे.

प्रतिफल आडवं येतं ते दुसऱ्या जागी. ‘शुक्रवारपर्यंत ठेवतो’ या वचनासाठी तुम्ही काहीच दिलं नव्हतं, त्यामुळे ते त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं. कलम 5 प्रमाणे स्वीकृती येण्याआधी कधीही प्रस्ताव मागे घेता येतो. मंगळवारी त्यांनी ‘आता देत नाही’ एवढं जरी लिहिलं असतं, तरी तुमची बाजू तिथेच संपली असती. त्यांनी ते लिहिलं नाही.

आता हप्त्यांचं. कलम 7 प्रमाणे स्वीकृती बिनशर्त हवी. ‘हाइड विरुद्ध रेंच’ या 1840 च्या इंग्लिश खटल्यात 1,000 पौंडांच्या प्रस्तावावर खरेदीदारानं 950 देऊ केले, नकार आल्यावर तो 1,000 द्यायला तयार झाला. उशीर झाला होता. त्याच्या प्रतिप्रस्तावानं मूळ प्रस्ताव संपला होता. पण 1880 च्या ‘स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन’मध्ये लोखंडाच्या खरेदीदारानं माल दोन महिन्यांत टप्प्याटप्प्यानं मिळेल का, एवढीच विचारणा केली होती. न्यायालयानं तिला प्रतिप्रस्ताव न मानता चौकशी मानलं. प्रस्ताव जिवंत राहिला, आणि पुढे विक्रेता माल दुसरीकडे विकूनही जबाबदार ठरला. तुमचं ‘चालतील का?’ हे याच जातीचं आहे. ‘हप्त्यांनीच घेईन’ असं लिहिलं असतंत, तर मी हे उत्तर वेगळं लिहिलं असतं. म्हणून मेसेजचे नेमके शब्द पुन्हा एकदा पाहा.

खरी लढाई मित्राकडून कळलेल्या बातमीवर आहे. 1876 च्या ‘डिकिन्सन विरुद्ध डॉड्स’मध्ये घर शुक्रवारी सकाळी 9 वाजेपर्यंत देऊ केलेलं होतं. मालक ते दुसऱ्याला विकतोय हे खरेदीदाराला गुरुवारी तिसऱ्याच माणसाकडून समजलं. त्यानंतर त्यानं दिलेला होकार इंग्लिश न्यायालयानं मानला नाही. समोरचे वकील हा निवाडा नक्की काढतील. मात्र आपल्या कलम 6 चे शब्द पाहा: प्रस्ताव मागे घेतल्याची सूचना प्रस्ताव करणाऱ्यानं समोरच्याला द्यायला हवी. नुसतं विकून टाकणं ही सूचना नव्हे. कुणीतरी सहज सांगितलेली बातमी तर त्यांची सूचना मुळीच नव्हे. माझ्या मते कायद्याचे शब्द तुमच्या बाजूचे आहेत, तरी हीच कडी सगळ्यात नाजूक आहे. मित्र त्यांच्या सांगण्यावरून आला होता का, हे आधी त्याला विचारा. निरोप त्यांचाच असेल तर ती सूचना झाली, आणि गुरुवारच्या तुमच्या होकाराला धरायला प्रस्तावच उरला नाही. तसं नसेल तर प्रस्ताव शुक्रवारपर्यंत उभा होता, तुम्ही तो मुदतीत बिनशर्त स्वीकारलात, आणि करार झाला.

करार झाला म्हणून कॅमेरा मिळेल, असं मात्र समजू नका. ज्याला यातलं काही माहीत नव्हतं आणि ज्यानं रीतसर पैसे मोजून तो घेतला, त्याच्याकडून तो परत मागता येणार नाही. तुमचा हक्क कलम 73 खालच्या नुकसानभरपाईचा. ठरलेली किंमत 100 धरा. तसाच, तितकाच वापरलेला कॅमेरा त्या सुमारास बाजारात 115 ला मिळत असेल, तर मागणी 15 ची. 100 ला किंवा त्याहून स्वस्तात मिळत असेल, तर करार सिद्ध करूनही हातात जवळपास काही पडणार नाही. म्हणून नोटीस पाठवण्याआधी तशा कॅमेऱ्यांचे भाव तारखेसह जमवा, आणि ज्या फोनवर हे मेसेज आले तो बदलू नका.