सही माझी, तारीख त्यांची

"सर, साहेब तीन दिवसांपासून एका कागदावर साक्षीदार म्हणून सही मागताहेत. तारीख मे महिन्याची टाका म्हणतात, आणि आता सप्टेंबर चालू आहे. नाही म्हटलं तर दूरची बदली होईल, हो म्हणायचं ठरवलं की रात्रभर डोळा लागत नाही. मी उगाच बाऊ करते आहे का?"

नागपुरात, धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत त्या बसल्या ते पर्स मांडीवर घट्ट धरूनच. चाळिशीच्या, बँकेत कर्ज विभागात क्लार्क. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मी विचारलं, "कागद नेमका कसला?" अशा वेळी भीतीबद्दल बोलण्याआधी कागदाबद्दल बोललेलं बरं, असा माझा अनुभव आहे. भीती मोघम असते, कागद मोघम नसतो.

कागद होता कर्जकबुलीचा. इतवारीतल्या एका व्यापाऱ्याचं कर्ज थकलेलं. अशा कर्जाच्या वसुलीचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपायच्या आत कर्जदारानं 'एवढी बाकी मला मान्य आहे' असं सही करून दिलं, की त्या सहीपासून नवी मुदत मोजतात. इथं मुदत जूनमध्ये संपली आणि पत्र घ्यायचं राहून गेलं. आधीचे मॅनेजर बदलून गेले, नवे ऑगस्टमध्ये आले आणि ऑडिट दारात. व्यापाऱ्यानं तारखेची जागा कोरी ठेवून सही दिली होती. मे महिन्यात शाखेत असलेलं माणूस साक्षीला हवं होतं, म्हणून या बाई.

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, मॅडम, मारून द्या न सही, कोण पाहते? २० मे टाका. मी म्हटलं, सर, तेव्हा मी भावाच्या लग्नाला अमरावतीला होते, रजा मंजूर आहे. तर म्हणाले, मग १६ टाका."

हे सांगताना त्या पहिल्यांदा हसल्या. मीही हसलो. माझ्या मते अर्धं काम त्या हसण्यानंच झालं. तीन दिवस त्या स्वतःला 'भित्री' म्हणत होत्या. पण २० ची सहज १६ होते, तेव्हा चूक कोणाच्या स्वभावात आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

ऑडिटर कागद दोन मिनिटं पाहतो. खरी परीक्षा पुढं, दावा लागला तर. साक्षीदार म्हणजे कोर्टात बोलावता येईल असा माणूस. व्यापाऱ्याचा वकील विचारणार, सही कुठं झाली, समोर कोण होतं. तोवर साहेब तिसऱ्या गावी असतील. फसवण्याच्या हेतूनं खोट्या नोंदी करण्याचं जे कलम आहे (आता भारतीय न्याय संहितेचं ३४४), त्याची सुरुवातच क्लार्क या शब्दानं होते. या कागदाला ते लागेल की नाही, हे मी ठरवणार नाही, मी वकील नाही. म्हणून त्यांना युनियनच्या जुन्या प्रतिनिधीकडे पाठवलं.

तिथून सरळ वाट निघाली. मुदत संपलेल्या कर्जाबद्दलही, 'मी हे फेडीन' असं नवं वचन कर्जदारानं लेखी, स्वतःच्या सहीनं दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५(३) नुसार ते चालतं. नुसती बाकी कबूल करून भागत नाही, फेडण्याचं वचन हवं. आणि तारीख आजचीच. अट एकच, कर्जदार राजी हवा. तो नाही म्हणाला तर बँकेच्या हाती फार काही उरत नाही, आणि साहेबांची घाई बहुधा त्यासाठीच होती.

आमच्याकडे उरलं ते बोलण्याचं काम. 'मी सही करणार नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून निघेना, प्रत्येक वेळी आवाज बसायचा. मग वाक्य बदललं: "सर, सही करते, पण माझ्यासमोर होईल तेव्हा, आणि त्याच दिवसाची तारीख टाकते." मी साहेब झालो, आवाज चढवला, बदलीची धमकी दिली. सात-आठ वेळा. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्हाला साहेबासारखं ओरडता येत नाही." पण वाक्य जिभेवर बसलं होतं. त्याला जोडून २५(३) चा पर्यायही सांगायचा, म्हणजे साहेबांनाही उतरायला पायरी मिळते.

झालं ते काही सिनेमासारखं नाही. साहेब भडकले, दोन दिवसांनी पॅनलच्या वकिलाला फोन केला. व्यापाऱ्यानं आठवडाभर घोळ घातला, मग नव्या पत्रावर सही केली, साक्षीला बाईंची सही, तारीख त्याच दिवसाची. पत्र वेळेत घेतलं नाही हा शेरा ऑडिटमध्ये आलाच. बदली झाली नाही, पण बाईंना कर्ज विभागातून काढून कॅश काउंटरला बसवलं.

दिवाळीनंतर त्या आल्या, तेव्हा मी काउंटरचं विचारलं. म्हणाल्या, "बरंच आहे सर. संध्याकाळी कॅश जुळली की विषय संपतो."