जिमचा पहिला महिना कसा असणार, वाचून ये

दादा, सोमवार-बुधवार-शुक्रवार तीनच दिवस यायचं, रोज नको, मधला दिवस स्नायू भरून यायला लागतो. स्क्वॅटचंच सांगतो, पहिल्या आठवड्यात ६ किलोचा डंबेल छातीशी धरून १० चे २ सेट, दुसऱ्यात ३ सेट, मग तिन्ही सेटला १२ नीट बसले, म्हणजे टाच उचलली नाही आणि गुडघे आत पडले नाहीत, की मगच ८ किलो. हलकं वाटतंय म्हणून स्वतःहून वाढवू नको की.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जाम दुखतील, जिना उतरताना जास्तच, ते चालतंय, दोन-तीन दिवसांत उतरतं. पण सांध्यातच टोचूलालंय, एकाच बाजूला दुखूलालंय किंवा सूज आली तर सेट तिथंच सोड आणि मला सांग. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र सरळ दवाखान्यात जायचं, त्याच दिवशी, कारण स्नायू फार तुटले की किडनीवर येतं.

महिन्याभरात दंड फुगणार नाहीत, खोटं कशाला बोलू, ताकद मात्र वाढेल, कारण आधी नसा शिकतात आणि स्नायू मागून येतात. आणि कुंद्यासारखं गोड रविवारीच खा.