ओसी नसताना फिट-आउटची चावी घ्यावी का?

प्रश्न: पुण्यात फ्लॅट घेतला आहे. करार ऑक्टोबर २०२० चा, ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२२. आजवर ५० लाख भरलेत. ओसी, म्हणजे महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, अजून आलेली नाही, पण बिल्डर म्हणतो फिट-आउटसाठी चावी घ्या आणि एका संमतीपत्रावर सही करा. सही करावी का? रेरात उशिराचं व्याज खरंच मिळतं का?

उत्तर:

सही करू नका. बाकी सगळं नंतर.

ही संमतीपत्रं मी बरीच वाचली आहेत आणि त्यांचा साचा ठरलेला असतो. पहिल्या परिच्छेदात फर्निचरचं काम, ड्रिलिंगची वेळ, डेब्रिज कुठे टाकायचं, असल्या निरुपद्रवी गोष्टी असतात. माणूस तेवढं वाचतो आणि पान उलटतो. खरा मजकूर शेवटाकडे असतो: ‘फ्लॅटचा ताबा समाधानकारक स्थितीत मिळाला असून विलंबाबाबत कोणतंही व्याज, नुकसानभरपाई अथवा दावा मी/आम्ही करणार नाही.’ त्याखाली ताब्याच्या तारखेची जागा बहुतेक वेळा कोरी सोडलेली असते. ती नंतर कोण भरतं, हे सांगायला नको. तुमच्या पत्रात अशी ओळ आहे का ते आजच बघा. ‘ताबा’ हा एकच शब्द जरी ‘फिट-आउट’च्या जागी घातलेला असला, तरी पत्र परत करा.

सगळा डाव त्या शब्दावर का आहे? रेरा कायद्याचं कलम १८ सांगतं की करारातल्या तारखेला ताबा दिला नाही, तर प्रकल्पात राहणाऱ्या ग्राहकाला ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याच्या उशिराचं व्याज द्यायचं. म्हणजे ताबा दिला असं कागदावर आलं, की बिल्डरच्या डोक्यावरचं मीटर बंद. ओसी आणायला अजून वर्ष लागणार असेल, तर तेवढ्या वर्षाचं व्याज वाचवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे तुमच्या हातात चावी देणं. फर्निचरची घाई तुमच्यापेक्षा त्यांना जास्त का असते, त्याचं उत्तर हे आहे.

आणि ओसीशिवाय दिलेला ताबा हा कायद्याच्या नजरेत ताबाच नाही. रेराच्या कलम १९(१०) प्रमाणे ग्राहकाने ताबा घ्यायची दोन महिन्यांची मुदत ओसीपासून मोजली जाते, बिल्डरच्या पत्रापासून नाही. १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा, तर त्याहून स्पष्ट आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत बिल्डरने कोणाला ताब्यात शिरू द्यायचं नाही, आणि ग्राहकानेही ताबा घ्यायचा नाही, असं त्यात दोन्ही बाजूंना बजावलं आहे. त्यामुळे ‘तुम्ही चावी घ्यायला आला नाहीत, आता मेंटेनन्स सुरू’ असं पत्र आलं तर घाबरायचं कारण नाही. एका ईमेलने उत्तर द्या: ‘माझ्या विंगची आणि मजल्याची ओसी पाठवा, दोन महिन्यांत ताबा घेतो. तोपर्यंत कलम १८ खालील व्याजाचा हक्क कायम आहे.’ उत्तर फोनवर देऊ नका, लेखीच द्या. ‘पार्ट ओसी आली’ असं म्हणाले, तर पत्राची प्रत मागा आणि तिच्यात तुमचा मजला आणि फ्लॅट नंबर आहे का ते बघा. पार्ट ओसी खालच्या काही मजल्यांपुरती असू शकते, आणि सेल्स ऑफिसमधून मात्र ती सगळ्या इमारतीची म्हणून सांगितली जाते.

आता व्याज. मिळतं. महाराष्ट्राच्या नियमांत दर ठरलेला आहे: स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर, म्हणजे बँकेच्या कर्जदराचा पाया, अधिक २ टक्के. तुमच्या करारात चौरस फुटाला अमुक रुपये असा फुटकळ दर लिहिला असेल, तर तो बाजूला ठेवा. हिशोब सोपा राहावा म्हणून दर १० टक्के धरतो आणि तुमचे ५० लाख असे धरतो की ४० लाख ताब्याच्या तारखेआधी भरले आणि १० लाख १ जुलै २०२३ ला. ४० लाखांवर व्याज १ जानेवारी २०२३ पासून सुरू होतं. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत तीन वर्षांचे १२ लाख. नंतरच्या १० लाखांवर ते भरल्या दिवसापासून, म्हणजे अडीच वर्षांचे अडीच लाख. एकूण साडेचौदा लाख, आणि पुढे दर महिन्याला सुमारे ४१,६६७ रुपये. सरळव्याज, चक्रवाढ नाही. संमतीपत्रावरची सही म्हणजे एवढ्या रकमेवर पाणी सोडणं. त्याबदल्यात सहा महिन्यांचा मेंटेनन्स माफ आणि मॉड्युलर किचन, हा सौदा कोणालाही परवडत नाही.

बिल्डरचा वकील तीन गोष्टी मांडेल. पहिली, रेराने प्रकल्पाची मुदत वाढवून दिली आहे. ती त्याची आणि महारेरा प्राधिकरणाची गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयाने नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलं की उशीर मोजायचा तो करारातल्या तारखेपासून. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इम्पीरिया प्रकरणात तेच म्हटलं. दुसरी, कोरोना. तुमचा करारच ऑक्टोबर २०२० चा. लॉकडाऊन डोळ्यांसमोर असताना त्याने ही तारीख स्वतः लिहिली, हे एक वाक्य तक्रारीत जरूर घाला. तिसरी, महापालिकेने परवानगीला उशीर केला, पर्यावरण खात्याने अडवलं, कोर्टाची स्थगिती होती. २०२१ च्या न्यूटेक निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की अनपेक्षित घटना असोत वा कोर्टाची स्थगिती, ग्राहकाचा कलम १८ चा हक्क त्यावर अवलंबून नाही. तरी आपल्या नमुना करारात सरकारी आदेशामुळे झालेल्या उशिराला वाढीव वेळ देणारं कलम असतं आणि सुनावणीत त्यावर भर दिला जातो. म्हणून महारेराच्या साइटवरून प्रकल्पाचं पान, मूळ आणि सुधारित तारखा आणि आर्किटेक्टची प्रमाणपत्रं उतरवून जोडा. स्थगितीच्या आधीच काम रखडलं होतं, हे त्यांच्याच कागदावरून दिसलं की वाद मिटतो.

तक्रार ऑनलाइन, फी ५,००० रुपये. इंडेक्स-२ सह करार, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, डिमांड लेटर्स आणि ताब्याबद्दलचे सगळे ईमेल जोडा. मागणी नेमकी लिहा: अमुक रकमेवर अमुक तारखेपासून, ओसीसह प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत, नियमातल्या दराने व्याज. भरलेलं घरभाडं, मनस्ताप वगैरेची नुकसानभरपाई याच तक्रारीत घुसवू नका. ती ठरवायचा अधिकार न्यायनिर्णय अधिकाऱ्याचा आहे आणि अर्ज वेगळा असतो. दोन्ही एकत्र केलं की मूळ प्रकरण रेंगाळतं.

पैसे काढून घ्यायचे का, हे तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून थोडक्यात. परताव्यात व्याज प्रत्येक हप्ता भरल्या दिवसापासून मिळतं, रक्कम मोठी दिसते, पण आधी बँकेचं कर्ज फिटतं आणि त्या भागात आज त्याच किमतीला घर मिळत नाही. काम फिनिशिंगला आलेलं असेल तर राहा. बाहेर पडणारच असाल, तर मुद्रांक शुल्काच्या परताव्यासाठी रद्दलेख करारापासून पाच वर्षांत व्हावा लागतो आणि अर्ज त्याच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत, हे विसरू नका.

प्रत्येक प्रकल्पाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गृहस्थ असतात. ‘आधी चाव्या घेऊ, बिल्डरशी वाकडं नको, मग एकीने लढू’ असं ते सांगतात. हा वाद मी कित्येकदा घातला आहे आणि माझं मत अजिबात बदललेलं नाही: हा सल्ला चुकीचा आहे. ताबा घेऊन झाल्यावर, एक शब्दही निषेध न नोंदवता, नंतर व्याज मागायला गेलेल्यांच्या बाबतीत निकाल दोन्ही बाजूंनी लागले आहेत. मग आपलं प्रकरण त्या वादात न्यायचंच कशाला? तक्रार आधी दाखल करा, चावीचं मग बघू. ‘तक्रार केली तर ओसी अडकेल’ ही धमकीही पोकळ आहे. ओसी महापालिका देते आणि ती नसताना बिल्डरला उरलेले फ्लॅट विकणंही जड जातं. त्यालाच ती तुमच्यापेक्षा जास्त हवी असते. आणि ग्रुपचं सामायिक पत्र म्हणजे तक्रार नव्हे. पन्नास सह्यांच्या निवेदनात व्याजाची मागणी नसेल, तर त्याचा उपयोग शून्य.

घरभाड्याने कंबर मोडली असेल आणि चावी घेणं भागच असेल, तर त्यांचं पत्र बाजूला सारून स्वतःचं द्या: ‘ओसी नसल्याने हा ताबा नाही. फक्त फर्निचरच्या कामासाठी प्रवेश घेत आहे. व्याजाचा हक्क राखून.’ त्याच्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर ईमेल आणि स्पीड पोस्ट. राहायला मात्र जाऊ नका, टँकरचं पाणी आणि तात्पुरती वीज किती दिवस पुरणार?

काही गोष्टी तुमच्या विरुद्धही जाऊ शकतात. तुमचे हप्ते उशिरा गेले असतील, तर त्याच दराने व्याज तुमच्याकडूनही मागता येतं, म्हणून डिमांड लेटरच्या तारखा आधी तपासा. प्रकल्पाचे पैसे अडकू नयेत म्हणून व्याज ओसीनंतर द्यावं, किंवा शेवटच्या हप्त्यातून वळतं करावं, असे आदेश महारेराने अनेकदा दिले आहेत. लगेच चेक हातात येईल असं धरून गृहकर्जाचा हप्ता थांबवू नका. बिल्डर अपिलात गेला, तर कलम ४३(५) प्रमाणे त्याला आधी तुमची देय रक्कम न्यायाधिकरणात भरावी लागते, ही तुमची जमेची बाजू. अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर आदेशाचं पालन न झाल्याचा अर्ज करून वसुली वॉरंट घ्या. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पुढे तहसीलदारांकडे जातं, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. वॉरंट इथेच सर्वात जास्त पडून राहतं, कारण जप्त काय करायचं हे तहसीलदाराला कोणी सांगत नाही. न विकलेल्या फ्लॅटचे नंबर महारेराच्या पानावर असतात आणि बँक खात्याचा नंबर तुमच्या डिमांड लेटरवरच असतो. ती यादी स्वतः करून द्या. आणि कंपनी दिवाळखोरीत गेली, तर ही वसुली थांबते. तेव्हा वॉरंट घेऊन फिरत न बसता फॉर्म सीए भरून दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे दावा दाखल करायचा. रेराचा आदेश हातात असला तरी तुम्ही बँकांसारखे वित्तीय धनकोच राहता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे.