ड्रायव्हर सुटला, तरी दावा उभा आहे

हे बघ, ट्रकवाला फौजदारी कोर्टातून सुटला म्हणून त्या बाईंचा अपघाताच्या भरपाईचा दावा सैल सोडू नकोस. तिथे साक्षीदार फितूर झाला, वाजवी शंका उरली, शिक्षा टळली. इंदूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात प्रश्न एवढाच असतो: चूक ट्रकची असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे का? बिमला देवी खटल्यात, 2009 साली, सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय.

आता घटनास्थळाचा नकाशा नीट बघ. स्कूटर स्वतःच्या डाव्या कडेला पडलीय आणि ट्रकच्या ब्रेकचे व्रण मधली रेघ ओलांडून तिच्याच बाजूला आलेत. त्यात ड्रायव्हर साक्षीला उभाच राहिला नाही, तर पारडं आपल्याकडे झुकतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली निष्काळजीपणा आपल्यालाच दाखवायचाय, नुसत्या एफआयआरवर विसंबू नकोस.